ठिपक्यांवरून ओळख: मोठ्या मांजरांच्या फोटोंची तपासणी (प्रकल्प नोंदी)

३ जून २०२४

आज पेट्या उघडल्या. एकूण ४१२ फोटो आहेत. काही डिजिटल, बरेचसे जुन्या स्लाइड आणि छापील फोटोंवरून स्कॅन केलेले. प्रत्येकावर कुणीतरी कधीतरी नाव लिहिलंय, पण त्या नावांवर विसंबता येत नाही. सगळ्यात मोठा घोळ ‘चित्ता’ या शब्दाचा. बोलताना बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हटलं जातं, त्यामुळे चिठ्ठीवर ‘चित्ता’ लिहिलंय म्हणून फोटोत चित्ताच असेल असं नाही. काही चिठ्ठ्यांवर नुसतं ‘ठिपकेवाला वाघ’ आहे.

ताईंशी बोलून कामाची पद्धत ठरवली. त्यांची कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवर बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. प्रत्येक फोटोसाठी तीन रकाने: जात कोणती, कशावरून, खात्री किती. ठिकाणाचा रकाना आहे, पण तो सगळ्यात शेवटी उघडायचा. जंगलातला जग्वार फक्त अमेरिका खंडांत आणि जंगलातला बिबट्या फक्त आफ्रिका-आशियात, त्यामुळे ठिकाण वाचलं की डोळा आपोआप त्याच जातीच्या खुणा शोधायला लागतो. आणि या संग्रहात प्राणिसंग्रहालयांतले फोटो इतके आहेत, की ठिकाण दिशाभूलच जास्त करेल.

४ जून

चित्त्यांपासून सुरुवात केली, कारण चांगल्या फोटोत चित्ता ओळखणं सोपं असतं. ठिपके एकेकटे, भरीव, गोल किंवा जरासे लांबट. एका अंगावर साधारण दोन हजार. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून निघून नाकाच्या कडेनं तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी काळी अश्रुरेषा. डोकं लहान आणि गोल, पाय लांब, छाती खोल आणि कंबर एकदम आत गेलेली. शेपटीच्या टोकाकडे काळी वळी आणि टोकाला बहुधा पांढरा झुपका.

यातली शेपटीची वळी एकटी पुरावा म्हणून घेऊ नये, ही ताईंनी पहिल्याच दिवशी दिलेली सूचना. बिबट्याच्या शेपटीवरही टोकाकडे काळे पट्टे येतात आणि तिची खालची बाजू पांढरी असते. शेपटी उचलून चाललेल्या बिबट्याचं नुसतं शेपटीचं टोक गवतावर दिसत असेल, तर गल्लत होणारच.

दिवसभरात ५८ फोटो झाले.

६ जून

आज माझ्या हातून दोन चुका झाल्या. दोन्ही फोटोंत मी बिबट्याला चित्ता लिहिलं होतं. कारणं वेगवेगळी निघाली, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

पहिला फोटो भर दुपारचा. प्राणी समोरून आपल्याकडे बघतोय, नाकाच्या उजव्या कडेनं एक गडद रेष खाली उतरलेली. मी अश्रुरेषा म्हणून नोंद केली. ताईंनी विचारलं, “दुसऱ्या बाजूची कुठंय?” दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. ती नाकाच्या उंचवट्याची सावली होती. खरी अश्रुरेषा दोन्ही बाजूंना असते, डोळ्याच्या अगदी कोपऱ्याला चिकटून सुरू होते आणि मधे न तुटता तोंडाच्या कोपऱ्याकडे जाते. बिबट्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातही काळा रंग असतो, पण तो तिथेच संपतो. त्याच्या चेहऱ्यावर ठळक दिसतात त्या मिशांच्या मुळाशी असलेल्या काळ्या ठिपक्यांच्या रांगा, आणि गालांवर, कपाळावर दाट, बारीक, भरीव ठिपके.

दुसऱ्या फोटोत सावलीचा प्रश्न नव्हता. प्राणी आडवा उभा, सगळं अंग दिसतंय आणि अंगावर सगळीकडे भरीव ठिपके. तरीही तो बिबट्या निघाला. मूळ मोठा फोटो दुसऱ्या पेटीत सापडला आणि त्यात तेच ठिपके मोकळ्या मध्याचे, म्हणजे रोझेट दिसले. माझ्या हातात होती ती त्याची लहान केलेली प्रत.

७ जून

कालच्या दुसऱ्या चुकीचा छडा लावायला आज अर्धा दिवस दिला, आणि तो सत्कारणी लागला असं वाटतं.

बिबट्याचा रोझेट म्हणजे एक अखंड वर्तुळ नाही. तीन-चार काळे डाग जवळजवळ येऊन एक तुटक कडं तयार होतं. कड्याच्या आतला रंग बाहेरच्या पिवळ्यापेक्षा जरा गडद, बदामीकडे झुकणारा असतो. फोटो लहान झाला की आधी डागांमधल्या फटी बुजतात आणि मग आतला गडद रंग कड्यात मिसळतो. शेवटी उरतो एक भरीव ठिपका. म्हणजे फोटो लहान करता करता बिबट्या कागदावर चित्ता होत जातो.

हे नेमकं कुठे होतं ते पाहायला एक स्वच्छ फोटो घेतला. रुंदी ३००० पिक्सेल, प्राणी आडवा, कुशीवरचा एक मध्यम रोझेट मोजला तर ९० पिक्सेल रुंद. मग ImageMagick या प्रोग्रामनं त्याच्या तीन प्रती केल्या:

```
magick bibatya.jpg -resize 800x a.jpg
magick bibatya.jpg -resize 400x b.jpg
magick bibatya.jpg -resize 200x c.jpg
```

`a.jpg` मध्ये रोझेट २४ पिक्सेलचा झाला, मोकळा मध्य स्पष्ट दिसतो. `b.jpg` मध्ये १२ पिक्सेल. मोठे रोझेट अजून उघडे, लहान मात्र बुजायला लागलेले. `c.jpg` मध्ये ६ पिक्सेल, आणि तिथे एकही कडं उरलं नाही. पडद्यावर ती प्रत ताणून मोठी केली तरी मध्य परत येत नाही. जे गेलं ते गेलं.

यावरून आमच्यापुरता नियम केला: कुशीवरचा रोझेट किंवा ठिपका १५ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर नक्षीवरून जात ठरवायची नाही. तिथे बांधा बघायचा. पायाची लांबी, छाती आणि कंबर यांतला फरक, डोक्याचा आकार या गोष्टी फोटो बारीक झाला तरी टिकतात. कालचा दुसरा फोटो याच कसोटीवर पुन्हा पाहिला. पाय आखूड, पाठीची रेषा जवळजवळ सरळ, कंबर आत गेलेली नाही. हे लहान प्रतीतही दिसत होतं. मी ठिपक्यांवरच थांबलो होतो.

हलल्यामुळे अस्पष्ट झालेल्या फोटोंनाही हाच नियम लावला, आणि उन्हानं अंग पांढरं पडलेल्या फोटोंनाही, कारण तिथे आतला गडद रंगच उडालेला असतो.

१० जून

अंगाचा कोणता भाग बघायचा हे आज पक्कं केलं. डोकं, मान, खांद्याचा खालचा भाग आणि पाय यांवर बिबट्याचेही ठिपके भरीव असतात. फांदीवरून लोंबणारा पुढचा पाय आणि थोडासा खांदा एवढंच दिसणारा फोटो असेल, तर त्यातल्या भरीव ठिपक्यांना काही अर्थ नाही. रोझेट पाहायचे ते कुशीवर: खांद्यामागून पुठ्ठ्याच्या सुरुवातीपर्यंत, पाठीच्या कण्यापासून पोटाच्या वरपर्यंत. या भागाला आम्ही ‘चौकट’ म्हणतो. चौकटीतला निम्मा भाग तरी दिसत नसेल तर खात्रीच्या रकान्यात ‘मध्यम’च्या वर जायचं नाही.

चौकटीतही कडेचे रोझेट सोडून द्यायचे. पोटाकडे अंग वळतं, तिथले रोझेट चपटे दिसतात आणि त्यांचा मध्य मिटतो. प्राणी तिरका उभा असेल तर पुठ्ठ्याकडे हेच होतं.

१३ जून

फोटो १३७. याच्यावर आज तीन तास गेले आणि निकाल लागलेला नाही.

जुन्या स्लाइडचा स्कॅन. चिठ्ठीवर ‘चित्ता’. प्राणी ओंडक्यामागे पहुडलेला, डावी कूस आपल्याकडे, शेपटी आणि मागचे पाय ओंडक्याआड. अश्रुरेषा नाहीत, कुशीवर मोठे उघडे रोझेट, तेव्हा चित्ता बाद. प्रश्न बिबट्या की जग्वार, हा.

सगळीकडे सांगितली जाणारी खूण अशी की जग्वारच्या रोझेटमध्ये एक किंवा जास्त बारीक ठिपके असतात, बिबट्याचे रोझेट रिकामे असतात. चौकटीत पूर्ण दिसणारे रोझेट मोजले: ३१. त्यांपैकी ७ मध्ये ठिपका. २४ रिकामे आहेत म्हणून मी ‘बिबट्या’ लिहायला लागलो होतो. ताई म्हणाल्या, “थांब. जग्वारचे सगळे रोझेट भरलेले असतात असं कुणी सांगितलं तुला?” आणि त्यांनी ठिकाण नक्की माहीत असलेल्या जग्वारचे चार फोटो काढून समोर ठेवले. प्रत्येकात रिकामे रोझेट होतेच, एकात तर बरेच. मग एका खात्रीच्या बिबट्याचा फोटो दाखवला, त्यात दोन रोझेटमध्ये ठिपके होते.

म्हणजे ठिपका असणं-नसणं हा कल सांगतो, निकाल देत नाही. ३१ पैकी ७ हा आकडा दोन्हीकडे ओढता येतो.

मग ठिपके सोडून रोझेटचा आकार पाहिला. जग्वारचे रोझेट मोठे, संख्येनं कमी, कड जाड आणि बऱ्याचदा कोनदार. बिबट्याचे लहान, दाट, गोलसर. पण ‘मोठे’ म्हणजे कशाच्या मानानं? फोटोत मोजपट्टी नसते. त्यामुळे कण्यापासून पोटापर्यंत उभ्या रेषेत किती रोझेट बसतात ते मोजायचं ठरवलं. संग्रहातल्या खात्रीच्या फोटोंत जग्वारचे चार-पाच बसतात, बिबट्याचे सहा-सात किंवा त्याहून जास्त. १३७ मध्ये मोजता येईना, कारण पोटाकडचा भाग ओंडक्यानं झाकलाय. दिसतात तेवढे चार.

डोकं रुंद आणि जबडा जड वाटतो. पण जुन्या, भरलेल्या नर बिबट्याचं डोकंही असं दिसतं, आणि हा बाजूला मान वळवून बसलाय. खात्री: कमी. पुढे गेलो.

१५ जून

हिम बिबट्या, २२ फोटो, फारसा त्रास नाही. राखाडी-पांढरट अंग, कडा पसरट झालेले मोठे रोझेट, लहान कान, पांढरं पोट आणि ती लांब, जाड, लोकरी शेपटी, जी जवळजवळ अंगाच्या लांबीइतकी असते. अडचण फक्त रात्रीच्या कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंत येते. त्यांत रंगच नसतो, आणि हिमालयात काही ठिकाणी साधा बिबट्या आणि हिम बिबट्या दोघंही फिरतात. तिथे शेपटीची जाडी आणि रोझेटच्या कडा बघायच्या. बिबट्याच्या कडा कृष्णधवल फोटोतही कातरल्यासारख्या स्पष्ट राहतात.

क्लाउडेड लेपर्डचे ६. मोठे ढगासारखे पट्टे, त्यांची मागची कड काळी. शंका राहत नाही. तीन ‘बिबट्याची पिल्लं’ सर्व्हल नावाची आफ्रिकी रानमांजरं निघाली: प्रचंड कान, आखूड शेपटी, मानेवर ठिपके जुळून झालेल्या रेषा.

१८ जून

काळे प्राणी, ९ फोटो, सगळ्यांवर ‘ब्लॅक पँथर’. हे एका जातीचं नाव नाही. काळा बिबट्याही असतो आणि काळा जग्वारही, आणि दोघांचा काळेपणा वेगवेगळ्या जनुकांमुळे येतो: बिबट्यात तो अप्रभावी, त्यामुळे दोन्ही पालकांकडून यावा लागतो, जग्वारमध्ये प्रभावी, एका पालकाकडून आला तरी पुरतो. नक्षी मात्र दोघांत शाबूत असते. काळ्यावर काळी, एवढंच. तिरप्या उन्हात ती दिसते.

फोटोत ती वर आणायला अंधाराकडचा भाग उजळला:

```
magick kala.jpg -level 0%,25% kala_ujal.jpg
```

९ पैकी ४ मध्ये रोझेट वर आले, ३ बिबटे आणि १ जग्वार. दोन फोटो इन्फ्रारेड फ्लॅशचे होते, त्यांत काही करावंच लागलं नाही. इन्फ्रारेडमध्ये काळ्या बिबट्याचे रोझेट स्वच्छ उमटतात. मलेशियात काळ्या बिबट्यांची गणना करताना कॅमेरा दिवसाही इन्फ्रारेडवरच राहावा म्हणून त्याचा प्रकाश मोजणारा सेन्सर झाकून ठेवला होता, हे ताईंनी सांगितलं. त्यामुळे एकेक प्राणी वेगळा ओळखता आला. मला ही युक्ती फार आवडली.

उरलेल्या तिघांत नुसती काळी आकृती आहे. तिथे बांध्यावरून अंदाज लिहिला आणि खात्री ‘कमी’.

२१ जून

चिठ्ठीवर ‘चित्ता-बिबट्या संकर?’ असा एक फोटो. पाठीवरून जाड काळे पट्टे, अंगावर एकमेकांत मिसळलेले मोठे डाग. चेहऱ्यावर अश्रुरेषा ठळक, पाय लांब, कंबर आत. हा किंग चीता. लोकांचा असा गैरसमज होणं स्वाभाविक आहे: १९२६ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतून, अशा कातड्याची माहिती आली तेव्हा बिबट्याशी संकराची शंका घेतली गेली, आणि १९२७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी तर त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डी वाइल्ट केंद्रात साध्या ठिपक्यांच्या मादीला असं पिल्लू झालं आणि तो साध्याच चित्त्याचा एक प्रकार असल्याचं कळलं. नोंद: चित्ता, चेहरा आणि बांध्यावरून, खात्री पूर्ण.

चित्त्याच्या लहान पिल्लांचे ५ फोटो. मानेपासून पाठीवर लांब राखाडी केसांची झूल असते, त्याखाली ठिपके दिसत नाहीत. पण अश्रुरेषा जन्मापासून असते, तिथेच बघायचं.

२५ जून

१३७ सुटला.

आज २०८ क्रमांकाचा फोटो हातात आला. तसाच ओंडका, तसाच प्रकाश, पण प्राणी उभा आणि उजवी कूस दिसतेय. तोच प्राणी असेल तर काम होईल, पण दोन बाजूंच्या नक्षी वेगळ्या असतात, त्यामुळे डाव्या कुशीची उजवीशी तुलना करण्यात अर्थ नाही. मी बाजूला ठेवणार होतो.

ताईंचं लक्ष कानाकडे गेलं. १३७ मध्ये डाव्या कानाच्या कडेला एक खाच आहे. २०८ मध्ये अगदी तशीच खाच, त्याच जागी, पण उजव्या कानाला. “दोघांपैकी एक फोटो उलटा आहे बघ,” त्या म्हणाल्या. स्लाइड स्कॅनरमध्ये चुकीच्या बाजूनं घातली की डावं उजवं होतं. २०८ मध्ये मागे पिंजऱ्याच्या क्रमांकाची पाटी आहे आणि तिच्यावरचे आकडे सुलटे वाचता येतात, म्हणजे २०८ बरोबर. मग १३७ उलटा करून पाहिला:

```
magick 137.jpg -flop 137_ulta.jpg
```

आता दोन्हींत उजवी कूस. दोन्ही शेजारी लावून खांद्यामागून सुरुवात केली. पहिल्या ओळीत एक रोझेट, आत दोन ठिपके. त्याच्या बरोबर खाली नालेसारखा, पुढच्या बाजूनं उघडा. त्याच्या मागे दोन रोझेट एकमेकांना चिकटून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे झालेले. तिन्ही खुणा दोन्ही फोटोंत त्याच क्रमानं, त्याच अंतरावर. एखादा रोझेट योगायोगानं सारखा दिसू शकतो, तीन शेजारी एकाच मांडणीत नाही. खात्रीसाठी पुठ्ठ्याकडचे आणखी दोन जुळवले. तोच प्राणी.

मग २०८ वर जे १३७ मध्ये दिसत नव्हतं ते सगळं तपासलं. कण्यापासून पोटापर्यंत पाच रोझेट. पाठीच्या मध्यावरचे ठिपके लांबट होऊन जवळजवळ एक तुटक काळी रेघ झालेली, ही जग्वारची आणखी एक खूण. पुढचे पाय आखूड आणि जाड, छाती पिंपासारखी. आणि शेपटी: सरळ खाली सोडलेली, मागच्या पायाच्या टाचेच्या सांध्याच्या थोडी खाली येऊन संपते. उभ्या बिबट्याची शेपटी जमिनीपाशी पोचून टोक वर वळवलेलं असतं. जग्वारच्या शेपटीची लांबी साधारण ४५ ते ७५ सेंटीमीटर, बिबट्याची ६० ते १०० च्या घरात. त्यात जग्वारचं धड जड असल्यानं ती आणखीच आखूड दिसते.

नोंद १३७ आणि २०८: जग्वार, एकच प्राणी. कशावरून: शेपटी, बांधा, रोझेटच्या ओळी, कण्यावरची रेघ, रोझेटमधले ठिपके फक्त पूरक. खात्री: पूर्ण. १३७ ची स्कॅन फाइल सुलटी करून ठेवली, मूळही जपली.

२६ जून

कालच्यावरून एक काम वाढलं. स्लाइडवरून स्कॅन केलेले ९४ फोटो उलटे आहेत का ते तपासायला हवं, कारण एकेक प्राणी कुशीवरच्या नक्षीवरून ओळखायचा तर उलट्या फोटोत तोच प्राणी दुसराच वाटेल. पाटी, अक्षरं किंवा त्याच प्राण्याचा दुसरा फोटो असेल तिथेच हे ठरवता येईल. सुरुवात केली, ११ तपासले, २ उलटे.

२८ जून

ठिकाणाचा रकाना आज उघडला. ४१२ पैकी ३७१ फोटोंना ठिकाण होतं. आमच्या ओळखीशी विसंगत निघाले ४. त्यांतल्या तिघांत मागे पिंजऱ्याची जाळी आहे, म्हणजे ठिकाण प्राण्याच्या मूळ देशाचं नसून प्राणिसंग्रहालयाचं आहे. चौथा आमची चूक: ‘जग्वार, मध्यम’ लिहिला होता, ठिकाण जंगलातलं आणि आफ्रिकेतलं. पुन्हा पाहिला तर प्राणी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, पुढून घेतलेला. जवळच्या लेन्सनं डोकं आणि पुढचे पाय फुगले होते आणि शेपटी मागे लहान झाली होती. बांध्याचं प्रमाण आम्ही अशा फोटोवरून काढायलाच नको होतं. दुरुस्त केला, आणि ‘कशावरून’ रकान्यात आता कॅमेरा कोणत्या बाजूनं आणि किती जवळून हेही लिहायचं ठरलं.

‘अनिश्चित’ म्हणून राहिले १३. त्यांत तीन काळे, बाकी १५ पिक्सेलच्या नियमात न बसणारे आणि बांधाही झाकलेला असलेले. त्यांच्यावरच्या जुन्या चिठ्ठ्या काढून वेगळ्या पाकिटात ठेवल्या. उद्यापासून उरलेल्या ८३ स्लाइड.